विषय: डिसेंबरच्या तारखा – बाणेरच्या हॉलची क्षमता, पॅकेजेस आणि तारीख होल्डवर ठेवायची पद्धत

नमस्कार,

गेल्या पंधरवड्यात डिसेंबरसाठी बरेच फोन आले. प्रश्न जवळपास तेच होते : किती माणसं बसतील, प्लेट कितीला आणि वरून मंजुरी येईपर्यंत तारीख धरून ठेवाल का. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलं की पुढे घोळ होतो, म्हणून सगळं एकदाच लिहून पाठवतो आहे. हा मेल तुमच्या अ‍ॅडमिनला किंवा परचेसला जसाच्या तसा पाठवलात तरी चालेल.

किती माणसं बसतात

मोठा हॉल ६,००० चौरस फुटांचा आहे, छताची उंची १४ फूट. नुसत्या खुर्च्या ओळीने मांडल्या तर ६०० बसतात. पण कंपनीच्या कार्यक्रमाला नुसत्या खुर्च्या कधीच नसतात. २४ बाय १२ फुटांचं स्टेज, मागे एलईडी वॉल, मध्ये कॅमेरा आणि साउंडवाल्याचं टेबल आलं की ४८० धरा. गोल टेबलांवर स्टेजसह २८०, क्लासरूम पद्धतीने २२०. उभ्याने बुफे असेल तर ४५० जण आरामात मावतात. मात्र ज्येष्ठ मंडळींसाठी निदान ६० खुर्च्या मांडायला सांगा, नाहीतर लोक ताट घेऊन स्टेजच्या पायऱ्यांवर बसतात.

हॉल मधोमध सरकत्या पार्टिशनने दोन भागांत करता येतो. पार्टिशन आवाज कमी करतं, बंद करत नाही. एका बाजूला ट्रेनिंग आणि दुसऱ्या बाजूला टीम गेम असं ठरवत असाल तर तो बेत सोडा. त्यापेक्षा वरच्या मजल्यावरचा लहान हॉल घ्या. तिथे यू आकारात ४० आणि ओळीने ९० बसतात.

पार्किंग ९० चारचाकी आणि १५० दुचाकींचं आहे. ३२ सीटर बस आत येते, त्याहून मोठी बाहेर उभी करावी लागते. हिंजवडीहून लोक येणार असतील तर पत्रिकेवर संध्याकाळी ६ लिहून उपयोग नाही. ७ लिहा, कार्यक्रम साडेसातला सुरू करा.

पॅकेजेस

पूर्ण दिवसाची मीटिंग, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ : माणशी १,४५० रुपये. यात नाश्ता, दोनदा चहा-बिस्किटं, दुपारचं जेवण, हॉल, प्रोजेक्टर, दोन कॉर्डलेस माइक आणि पाणी. किमान ६० माणसं. अर्धा दिवस हवा असेल तर १,०५० रुपये, त्यात एकच चहा.

संध्याकाळचा कार्यक्रम, ६ ते ११ : शाकाहारी १,९०० रुपये, मांसाहारासह २,२५०. किमान १५० माणसं. दोन स्टार्टर, मुख्य जेवण, दोन गोड पदार्थ, स्टेज आणि साधी साउंड सिस्टिम यातच आहे. एलईडी वॉल, डेकोरेशन आणि डीजे वेगळे. ते तुमच्या ओळखीचे आणलेत तरी आम्ही वेगळे पैसे लावत नाही; फक्त लोडचा आकडा दोन दिवस आधी कळवा, म्हणजे जनरेटरची सोय करता येते.

सगळे दर करांशिवाय आहेत. जीएसटी कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत दिसेल. बिल कंपनीच्या नावाने आणि जीएसटी नंबरासह हवं असेल तर नंबर बुकिंगच्या वेळीच द्या. कार्यक्रम झाल्यावर बिल बदलून मागितलं की अकाउंट्स दोन्हीकडचे वैतागतात.

जेवणाबद्दल एक विनंती. जैन आणि उपवासाच्या ताटांचा आकडा वेगळा कळवा. चतुर्थीला किंवा एकादशीला कार्यक्रम असेल तर उपवासवाले तुम्हाला वाटतात त्याच्या दुप्पट निघतात. श्रावणात मांसाहारी ताटं कमी धरा. माणसांचा पक्का आकडा ७२ तास आधी लागतो. त्याच्यावर १० टक्के जास्त स्वयंपाक आमच्या हिशेबाने असतो. आकड्याहून कमी लोक आले तरी बिल आकड्याचंच होतं. म्हणून फुगवून सांगू नका.

मद्य द्यायचं असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो. कागदपत्रं आम्ही तयार करून देतो, शुल्क तुमचं. महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१ आणि हार्ड लिकरला २५ आहे. नव्या भरतीची बॅच बोलावणार असाल तर हे आधीच लक्षात घ्या, बारवर आमचा माणूस ओळखपत्र मागतो. रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायची असतील तर त्यांचे परवाने आयोजकाच्या नावाने लागतात. लॉनवरचा स्पीकर रात्री १० ला बंद होतो, त्यात सूट मागू नये.

तारीख होल्डवर कशी ठेवायची

होल्ड म्हणजे बुकिंग नव्हे. आणि होल्ड फोनवर होत नाही, मेलवरच होतो. मेलमध्ये कंपनीचं नाव, तारीख, वेळ, अंदाजे माणसं आणि निर्णय कोण घेणार एवढं लिहा. आम्ही ‘होल्ड नोंदवला’ असं उत्तर पाठवलं की तारीख ७ दिवस तुमची. त्याचे पैसे नाहीत. डिसेंबरच्या शुक्रवार-शनिवारी आणि लग्नाच्या मुहूर्तांना मात्र फक्त ३ दिवस मिळतात. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे वधू-वरांकडचे लोक रोज येतात आणि ते बयाणा खिशात घेऊनच येतात.

उदाहरण देतो. तुम्ही सोमवार, ३ ऑगस्टला गुरुवार, १० डिसेंबरची संध्याकाळ होल्डवर टाकली. ती सोमवार, १० ऑगस्टच्या संध्याकाळी ६ पर्यंत तुमची. बुधवारी, ५ तारखेला दुसरी कंपनी आगाऊ रक्कम भरायला तयार झाली, तर आम्ही तुम्हाला फोनही करू आणि मेलही. तेव्हापासून २४ तासांत तुम्ही २५ टक्के भरलेत तर तारीख तुमची, नाहीतर त्यांची. फोन उचलला नाही तरी वेळ मेलपासूनच मोजली जाते. दुसऱ्या कोणी तारीख मागितली नाही आणि ७ दिवस संपले, तर होल्ड आपोआप सुटतो. एकदा ३ दिवस वाढवून मिळतो, पण मुदत संपायच्या आत मागा.

दुसऱ्याच्या होल्डवर तुम्ही ‘सेकंड होल्ड’ ठेवू शकता. पहिला सुटला की पहिला फोन तुम्हाला. एकाच कार्यक्रमासाठी चार तारखा अडवून ठेवायची सवय काही एजन्सींना आहे. आम्ही एका कार्यक्रमाला दोनच देतो.

पर्चेस ऑर्डर आली म्हणजे पैसे आले असं आम्ही धरत नाही. वेंडर रजिस्ट्रेशनला तुमच्याकडे तीन आठवडे लागत असतील तर आजच फॉर्म पाठवा, तारीख नंतर ठरवू. पक्कं झाल्यावर ५० टक्के १५ दिवस आधी, उरलेले कार्यक्रमानंतर ७ दिवसांत. ४५ दिवस आधी कळवलंत तर तारीख एकदा फुकट बदलता येते. त्यानंतर रद्द केलंत तर २५ टक्के परत मिळत नाहीत.

बजेट ताणलेलं असेल तर पितृपक्षाचा विचार करा. लग्नं नसतात, हॉल रिकामा असतो, दरात १५ टक्के कमी करतो. हे दिवस आमच्या कॅलेंडरवर दरवर्षी सगळ्यात शेवटी भरतात, आणि ट्रेनिंगला पितृपक्ष अडत नाही.

हॉल बघायला मंगळवार ते शुक्रवार दुपारी ३ ते ५ या वेळेत या, तेव्हा मांडणी लावलेली नसते आणि मापं नीट घेता येतात. साउंडवाल्याला सोबत आणा. येण्याआधी याच मेलला उत्तर देऊन वेळ कळवा.

आपला,
बँक्वेट मॅनेजर
बाणेर, पुणे