टेबलावरची चिठ्ठी

अरे,

डबा ओट्यावर आहे. लवकरची लोकल पकडतेय म्हणून उठवलं नाही, रागाने निघून गेले असं समजू नकोस. राग आहे, पण तो वेगळा.

भावजींना पैसे दिलेस त्याचं काही नाही, त्यांची अडचण खरी आहे. एफडी मोडल्याचं मला बँकेच्या मेसेजवरून कळलं, ते लागलं. रात्री मध्येच आईंचा विषय निघाला आणि सगळंच भरकटलं. तो आज नको.

संध्याकाळी ठाण्याला उतरलास की थेट तलावपाळीला येशील? छोटी साडेआठपर्यंत क्लासला आहे. घरात आपला आवाज चढतो, तिथे चारचौघांत तरी हळू बोलू. आधी तू सांग, मी मध्ये तोंड घालणार नाही. घराच्या हप्त्याचंही ठरवू.

जमेल का, दुपारपर्यंत कळव.