एकोणीस पॉइंट अठ्ठ्याण्णव

दिनकररावांचा क्लास सकाळी दहाला होता आणि ते साडेचारलाच उठून बसले होते. स्वयंपाकघरातला लाइट न लावता ओट्यापाशी उभं राहून त्यांनी दोन ग्लास पाणी प्यायलं, मग बाहेरच्या खोलीत येऊन पिशवी परत एकदा उघडली. मायक्रोमीटरची डबी, मऊ फडकं, खडूचा बॉक्स (सेंटरवर व्हाइटबोर्ड आहे हे माहीत असूनही), सेशन प्लॅनचे चार कागद आणि एका रुमालात गुंडाळलेली ग्राइंडिंग केलेली पिन. पिन बोटभर लांब, अंगठ्याएवढी जाड. रात्री झोपायच्या आधी त्यांनी ती तीन वेळा मोजली होती, तिन्ही वेळा १९.९८ मिलिमीटर.

मालतीताई उठून आल्या तेव्हा ते पिन हातात घेऊन बसलेले. "अहो, झोप लागली नाही का?"

"लागली की."

"३५ वर्षं कंपनीत काढलीत, मोठमोठ्या साहेबांसमोर बोललात, आणि चोवीस पोरांना घाबरता?"

ते काही बोलले नाहीत. कारण घाबरत होते ते पोरांना नव्हतंच, आणि हे तिला कसं सांगायचं ते त्यांना कळत नव्हतं.

खरं कारण दोन वर्षांपूर्वीचं. निरोपसमारंभ झाला, हार-नारळ झाले, फोटो झाले, आणि सगळे पांगल्यावर मेंटेनन्समधला त्यांच्या हाताखालचा पोरगा गाडीपर्यंत पिशव्या घेऊन आला. बारा वर्षं होता तो त्यांच्याबरोबर. पिशव्या ठेवल्या, पाया पडला आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं बघून लई शिकलो, पण हातात काय कधी मिळालं नाही बघा." त्याच्या मनात राग नव्हता, तक्रार पण नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. घरी येईपर्यंत दिनकररावांना एकेक प्रसंग आठवत गेला. लेथ बंद पडलंय, प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे आहेत, पोरगं पाना लावतंय, जरा चाचपडतंय, आणि ह्यांनी "सर बाजूला" म्हणून त्याच्या हातातला पाना काढून घेतलाय. दरवेळी मशीन चालू झालं, दरवेळी साहेबांचं कौतुक झालं, आणि दरवेळी ते पोरगं बाजूला उभं राहून बघत राहिलं.

म्हणून त्यांनी ट्रेनर व्हायचं ठरवलं. लोकांना वाटलं वेळ जात नसेल, पेन्शन कमी असेल, काहीही वाटलं. सीएनसी टर्निंग ऑपरेटरच्या कोर्सला शिकवायचं तर आधी स्वतःला ट्रेनरचं सर्टिफिकेट लागतं, त्याच्या दोन परीक्षा, एक विषयाची, तिला डोमेन म्हणतात, आणि दुसरी शिकवण्याची, ती प्लॅटफॉर्म. डोमेन त्यांनी हसत हसत दिली. प्लॅटफॉर्मला मात्र हाताला घाम फुटला. परीक्षा घ्यायला आलेल्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "सर, तुम्हाला येतं खूप. पण तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देऊन टाकता. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. तोपर्यंत तोंड उघडायचं नाही." पास झाले, सर्टिफिकेट आलं, मालतीताईंनी ते फ्रेम करून घेतलं. पण त्या दहा आकड्यांची धास्ती काही गेली नाही. घरी सरावाला म्हणून त्यांनी नातवाला प्रश्न विचारून बघितला तर चारवरच तोंडातून उत्तर निघून गेलं.

सेंटर शिरोली एमआयडीसीच्या जवळ, पत्र्याच्या शेडला लागून दोन खोल्या. दिनकरराव साडेआठलाच पोचले. मोजमापाची हत्यारं कपाटात होती आणि कपाटाची एक किल्ली होती शिपायाकडे, एक इन्चार्जकडे. पाच मायक्रोमीटर वरच्या कप्प्यात मिळाले, ते त्यांनी पुसले, तोंडं बंद करून शून्य तपासलं, सगळे बरोबर. सहावा खालच्या कुलपात होता, ती किल्ली आली दहाला पाच कमी असताना, तोपर्यंत पोरं वर्गात येऊन बसायला लागली होती, म्हणून तो तसाच टेबलावर ठेवला.

चोवीस जण. वडणगे, शिये, नागाव, हेर्ले, असे आजूबाजूच्या गावांतले. चार मुली, त्या सगळ्या एकाच टेबलाला. ओळखपाळख, सेफ्टी शूज, युनिफॉर्म हे सगळं आदल्या दिवशी इन्चार्जनं उरकलेलं, त्यामुळे आज थेट विषय. दिनकरराव उभे राहिले, "नमस्कार" म्हणाले आणि पुढचं वाक्य गेलं कुठं ते कळेना. सेशन प्लॅनचा कागद हातात थरथरताना स्वतःलाच ऐकू येत होता. पंख्याचा आवाज, बाहेर ट्रकचा हॉर्न, चोवीस चेहरे. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, रुमाल सोडला आणि पिन वर धरली.

"ही केवढी आहे?"

कुणीच बोललं नाही. एक. दोन. तीन. घसा कोरडा. चार. सांगून टाकावं का, की अंदाजानं नाही सांगता येत, मोजावं लागतं, म्हणूनच आपण आज... पाच. सहा. मागून एक आवाज आला, "दोन सेंटीमीटर असंल सर." दुसरा म्हणाला, "न्हाई, जरा कमी." "कमी म्हणजे किती?" हे त्यांनी विचारलं आणि परत मोजायला लागले. ह्या वेळी तीनवरच उत्तर आलं, "ते मोजल्याशिवाय कसं सांगायचं ओ सर?"

हे वाक्य त्यांच्या प्लॅनमध्ये त्यांनी स्वतःच्या तोंडी लिहिलेलं होतं.

मग गाडी जरा रुळावर आली. मायक्रोमीटर कसा धरायचा, स्थिर नळीवर वर पूर्ण मिलिमीटरच्या रेघा, खाली अर्ध्याच्या, गोल फिरणाऱ्या थिंबलवर पन्नास भाग, एक पूर्ण फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, म्हणजे एक भाग ०.०१. शेवटी पकड नेहमी टोकाच्या रॅचेटनं घ्यायची, टिक टिक टिक झालं की थांबायचं. त्यांनी तो आवाज सगळ्यांना कानाजवळ नेऊन ऐकवला, प्रत्येक टेबलापाशी जाऊन. एवढं सांगताना त्यांचा हात अजिबात थरथरला नाही, कारण ती डबी १९८८ पासूनची होती, पहिल्या बोनसमधून घेतलेली, तिचं मखमली अस्तर आता कोपऱ्यात विरलंय पण आतलं यंत्र अजून लोण्यासारखं फिरतं.

सहा टेबलं, सहा मायक्रोमीटर, पिन एकच. ती टेबलाटेबलानं फिरवायची आणि जे माप येईल ते बोर्डावर लिहायचं, शेजारच्याचं बघून लिहायचं नाही.

खरी परीक्षा इथं होती. दुसऱ्या टेबलावर ओंकार नावाचा पोरगा, दंडानं मजबूत, रॅचेट सोडून थिंबलच पिळायला लागला, अगदी नळाची तोटी बंद करावी तसा. दिनकररावांचा हात आपोआप पुढं गेला. बोटं त्या मायक्रोमीटरपासून वीतभर अंतरावर होती. त्यांनी हात मागं घेतला आणि दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. ओंकारनं लिहिलं १९.९४.

बोर्डावर आकडे जमले. १९.९८, १९.९४, १९.४८, १९.९८, १९.९७. आणि मुलींच्या टेबलावरून प्राजक्ता येऊन लिहून गेली, २०.००.

वर्गात हसायला सुरुवात झाली. "वीस बरोब्बर! अंदाजानंच लिहिलं बघा." दिनकररावांच्या पण ओठांवर आलंच होतं की पोरी, तू गोल आकडा धरलास, असं माप सहसा येत नसतं. पण म्हणाले एवढंच, "परत बघ."

तिनं परत बघितलं. "वीसच येतंय सर."

आता मोजणं आलं. एक, दोन, तीन. पोरांची कुजबुज चालू होती. चार, पाच. प्राजक्ताचे कान लाल झाले होते पण ती मायक्रोमीटर खाली ठेवत नव्हती, उलटसुलट करून बघत होती. सहा. सात. सांगू का आता? आठ. तिनं पिन बाजूला ठेवली, ओढणीच्या टोकानं दोन्ही तोंडं पुसली, रॅचेटनं बंद केली, टिक टिक टिक, आणि डोळ्यांजवळ नेलं.

"सर, ह्याच्यात काहीच नाही तरी हे शून्य दाखवत नाही. दोन दाखवतंय. ०.०२."

दिनकररावांनी जाऊन बघितलं. खरंच होतं. तो सहावा मायक्रोमीटर, उशिरा किल्ली आलेला, न तपासलेला. ३५ वर्षं त्यांनी पोरांना ओरडून सांगितलं होतं की आधी झिरो बघ, मग जॉबला हात लाव.

"हे मी सकाळी तपासायला पाहिजे होतं," ते वर्गाकडे वळून म्हणाले. "पाच तपासले, हा राहिला. चूक माझी. हिनं पकडली." क्षणभर थांबले. "मग पिनचं खरं माप किती?"

ह्या वेळी मोजायची वेळच आली नाही. "विसातनं दोन वजा!" "म्हंजी एकोणीस पॉइंट अठ्ठ्याण्णव!" तीन-चार टेबलांवरनं एकदमच आलं. प्राजक्ता काही बोलली नाही, बोर्डापाशी जाऊन तिनं २०.०० च्या शेजारी "वजा ०.०२" एवढं लिहिलं. आधीचा आकडा पुसला नाही, आणि दिनकररावांनी पण पुसू दिला नाही. मग १९.९४ वर चर्चा झाली, कुणीतरी म्हणालं जास्त आवळलंय, ओंकारनं मान्य केलं, रॅचेटनं परत मोजलं, १९.९८. आणि १९.४८ वाला पोरगा, आकाश, तो मात्र गप्प बसून होता.

साडेबाराला सुट्टी झाली. पोरं डबे घेऊन बाहेर पडली, मालतीताईंचा फोन दोनदा वाजून गेला होता, पायऱ्यांवर गलका चालू होता. आकाश टेबलावरच. पिन मायक्रोमीटरमध्ये धरून खिडकीकडं तोंड करून उभा, कपाळावर आठ्या.

दिनकरराव त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. पोराची चूक त्यांना लांबूनच कळली होती, एका वाक्याचं काम होतं. त्यांनी हात पाठीमागं नेले.

चार. पाच. सहा. बाहेर कुणीतरी आकाशला हाक मारली, त्यानं लक्ष दिलं नाही. सात. आठ. नऊ. दहा. दिनकरराव अकरा मोजायला लागले.

"सर," आकाश यंत्रावरची नजर न काढता म्हणाला, "ही खालची रेघ... ही पण दिसायला लागलीय का ओ? एकोणीसच्या पुढची?"

"बघ की," दिनकरराव म्हणाले.