खुलभर दुधाची कहाणी, थोडक्यात

अन्वी, आजी श्रावणी सोमवारी वाचते ती कहाणी तुझ्या वर्गासाठी आटोपशीर केली आहे. म्हणी गाळल्या नाहीत, त्यांच्याशिवाय चव जाते.

आटपाट नगर होतं, म्हणजे कुठलंही एक गाव. राजाच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली. धाकानं लोकांनी घरचं सगळं दूध देवळात ओतलं. वासरं हंबरत राहिली, पोरं उपाशी. गाभारा काही भरेना.

एका म्हातारीनं मात्र घरचं कामधाम आटोपलं, मुलाबाळांना खाऊ घातलं, गायीवासरांचं पोट भरलं. मग उरलेलं खुलभर, म्हणजे इवलंसं, दूध, फुलं आणि बेलाची पानं घेऊन दुपारी गेली. ‘माझ्यानं काय भरणार? पण भक्तिभावानं अर्पण करते,’ म्हणाली. ती वळली आणि गाभारा काठोकाठ भरला!

राजानं शोध घेतला, तेव्हा ती घाबरत का होईना, खरं बोलली: तुझ्या आज्ञेनं वासरांचे, मुलांचे आत्मे तळमळले, मोठी माणसं हाय हाय करू लागली. ते देवाला आवडलं नाही. (राजाला तोंडावर असं सुनावणं, हीच मला कहाणीतली खरी गंमत वाटते.) पुढच्या सोमवारी सगळ्यांना पोटभर मिळालं, मग पूजा झाली, गाभारा भरला.

‘उतू नये, मातू नये’ म्हणजे मिळालं म्हणून माजू नये. ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी’ म्हणजे लांबलचक गोष्ट थोडक्यात सांगितली, आत्ता मी केलं तेच.