पाण्याच्या टाकीचं गणित

सई, फोटो मिळाला. सावली पडलीय आणि पान तिरकं आलंय, पण आकडे वाचता येतात. तू त्या फोटोवरच कोनमापक ठेवून बघितलंस असं आई म्हणाली. त्याचा उपयोग नाही. मोबाइल थोडा जरी तिरपा धरला तरी फोटोतले कोन बदलतात. तुझ्या फोटोत टाकीचा खांबच कललेला दिसतोय, म्हणून काय तो पडायला आलाय का? आकृतीवर जे लिहिलंय तेवढंच खरं धरायचं, आणि आपली आकृती वहीत नव्याने काढायची.

प्रश्न असा आहे: विश्रामबागेतल्या एका टाकीकडे मुलगा बघतोय. त्याचे डोळे जमिनीपासून १.५ मी. वर आहेत. टाकीच्या माथ्याचा उन्नत कोन ३०° आहे. तो टाकीच्या दिशेने सरळ २४ मी. चालत गेल्यावर कोन ६०° होतो. टाकीची उंची काढा. (√३ = १.७३)

```
                           A
                       . / |
                   .    /  |
               .       /   | h
           .          /    |
       . ३०°      ६०°/     |
   C----------------D------B
   |      २४        |  x   |
   |                |      | १.५
   P----------------Q------F
```

A हा माथा, F हा पाया. P आणि Q ही मुलाची उभी राहण्याची दोन ठिकाणं, C आणि D हे त्या दोन्ही वेळचे त्याचे डोळे. B हा टाकीच्या उभ्या रेषेवरचा, डोळ्यांच्या पातळीतला बिंदू. काटकोन B पाशी, F पाशी नाही. उन्नत कोन डोळ्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेपासून मोजतात. आमच्या सर्व्हेच्या कामातही थिओडोलाइटची उंची आधी टेपने मोजून वहीत लिहायची आणि शेवटी मिळवायची, तसंच हे.

तुझं उत्तर १३.८४ कुठून आलं ते कळलं. तू tan ३०° = h/२४ मांडलंस. २४ ही अख्खी CB नाही, फक्त CD आहे. फोटोत बाणाची टोकं नीट बघ, ती मुलाच्या दोन जागी काढलेल्या पायांशी संपतात, टाकीपर्यंत जात नाहीत. म्हणून राहिलेल्या तुकड्याला x म्हणू.

उकल:

AB = h, DB = x मानू. ∴ CB = x + २४.

काटकोन △ABD मध्ये, ६०° च्या समोर h आणि लगत x:

tan ६०° = AB/DB
√३ = h/x
∴ h = √३ x … (१)

काटकोन △ABC मध्ये,

tan ३०° = AB/CB
१/√३ = h/(x + २४)
∴ √३ h = x + २४ … (२)

(१) मधली h ची किंमत (२) मध्ये ठेवू:

√३ × √३ x = x + २४
३x = x + २४
२x = २४
∴ x = १२

h = १२√३ = १२ × १.७३ = २०.७६

टाकीची उंची AF = AB + BF = २०.७६ + १.५ = २२.२६

∴ टाकीची उंची २२.२६ मी. आहे.

हे शेवटचं वाक्य आणि 'मी.' दोन्ही लिहायचं. १.७३ सुरुवातीलाच घालू नकोस. √३ × √३ चे सरळ ३ होतात, दशांशात गेलीस की उगाच गुणाकार करत बसशील.

आता ताळा. △ACD मध्ये ६०° हा D पाशी बाह्यकोन आहे, म्हणून ∠CAD = ६०° − ३०° = ३०°. म्हणजे C आणि A पाशी सारखे कोन, तेव्हा त्यांच्या समोरच्या बाजूही सारख्या: AD = CD = २४. मग △ABD हा ३०°-६०°-९०° चा त्रिकोण झाला, त्याचा कर्ण २४. ३०° समोरची बाजू निम्मी, १२. आलं की नाही तेच? ३० आणि ६० ची जोडी दिसली की हा ताळा चालतो, समीकरणं न मांडता.

एक गोष्ट प्रश्नात लिहिलेली नसते पण धरलेली असते: जमीन सपाट. विश्रामबागेत ती खपते. हेच गणित साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या चढावर घेतलं, तर C आणि D एका आडव्या रेषेत राहणार नाहीत आणि वरची CB = x + २४ ही ओळच कोसळेल. परीक्षेत तसं येत नाही, बिनधास्त राहा.

आता पानावरचा पुढचा प्रश्न कर. त्यात दोन मुलं टाकीच्या दोन बाजूंना उभी आहेत, कोन ४५° आणि ६०°. तिथे x वजा होतो, अधिक नाही. का ते आकृती काढल्यावर दिसेल. झालं की वहीचा फोटो पाठव, या वेळी मोबाइल सरळ धरून.

– मामा