हॅन्ड हायजीन: अ‍ॅनोटेटेड बिब्लिओग्राफी, नर्सिंग फर्स्ट इयर

माझा प्रश्न असा: वॉर्डमधल्या स्टाफचं हात स्वच्छ करणं वाढवायला नेमकं काय उपयोगी पडतं, आणि ते वाढलंय हे आपण कशावरून म्हणतो? यातला दुसरा भाग सुरुवातीला डोक्यात नव्हता, वाचता वाचता आला आणि आता मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतोय. त्यामुळे पाचही सोर्सेसना मी तेच विचारलंय.

१. डब्ल्यूएचओ, गाइडलाइन्स ऑन हॅन्ड हायजीन इन हेल्थ केअर, २००९.
सारांश: हात नुसते दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोल रब २० ते ३० सेकंद, आणि मळ किंवा रक्त दिसत असेल तर साबण-पाणी, त्याला सगळं धरून ४० ते ६० सेकंद. ग्लोव्ह्ज घातले म्हणून हात स्वच्छ करायची गरज संपत नाही.
मूल्यमापन: खूप मोठं डॉक्युमेंट आहे, पण प्रत्येक शिफारशीपुढे पुराव्याची श्रेणी दिलीय, त्यामुळे कुठे अभ्यासाचा आधार आहे आणि कुठे तज्ज्ञांचं मत हे वेगळं कळतं. जुनं झालंय, म्हणून एकट्यावर अवलंबून राहणार नाही.
उपयोग: व्याख्या आणि पद्धत इथूनच घेणार.

२. सॅक्स आणि सहकारी, माय फाइव्ह मोमेंट्स फॉर हॅन्ड हायजीन, जर्नल ऑफ हॉस्पिटल इन्फेक्शन, २००७.
सारांश: हात स्वच्छ करायचे पाच मोमेंट्स: पेशंटला हात लावण्याआधी, स्वच्छ किंवा असेप्टिक प्रोसिजरआधी, बॉडी फ्लुइडचा संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. पेशंट आणि त्याच्या जवळच्या वस्तू मिळून एक झोन, ही यातली मूळ कल्पना.
मूल्यमापन: ही ट्रायल नाही, संकल्पना मांडणारा पेपर आहे, त्यामुळे यावरून इन्फेक्शन कमी होतं असं लिहिता येणार नाही.
उपयोग: पोस्टिंगमध्ये मी हात रब करून बेडची रेल वर केली आणि त्याच हाताने कॅन्युलाची पोर्ट उघडायला गेले, तेव्हा सिस्टरांनी थांबवलं. आधी वाटलं की रब तर केलाय की! दुसरा मोमेंट वाचल्यावर कळलं की पोर्ट उघडायच्या अगदी आधी परत करायला हवा होता.

३. पिटेट आणि सहकारी, लॅन्सेट, २०००.
सारांश: जिनिव्हाच्या हॉस्पिटलमध्ये बेडजवळ अल्कोहोल रब, पोस्टर्स, फीडबॅक आणि मॅनेजमेंटचा पाठिंबा असं सगळं एकत्र केलं. कम्प्लायन्स १९९४ मधल्या ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेला आणि हॉस्पिटलमध्ये होणारं इन्फेक्शन १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं.
मूल्यमापन: हात स्वच्छ करायच्या २०,००० पेक्षा जास्त संधी पाहिल्यात, हे मोठं बळ. पण कंट्रोल ग्रुप नाही, म्हणून त्या काळात बदललेल्या बाकीच्या गोष्टींचा वाटा किती ते सांगता येत नाही. शिवाय सुधारणा नर्सेस आणि नर्सिंग असिस्टंट्समध्ये दिसली, डॉक्टरांमध्ये कमीच राहिली, आणि एका सरासरी आकड्यात हे झाकलं जातं.
उपयोग: मुख्य पुरावा म्हणून वापरणार, पण 'यामुळेच झालं' असं न लिहिता.

४. स्रिगली आणि सहकारी, बीएमजे क्वालिटी अँड सेफ्टी, २०१४.
सारांश: डिस्पेन्सर किती वेळा वापरला जातो हे इलेक्ट्रॉनिक सिस्टीमने मोजलं. ऑडिटर दिसत असताना दर डिस्पेन्सरमागे तासाला ३.७५ वेळा, आणि तो नसलेल्या आधीच्या आठवड्यांत त्याच जागी १.०७ वेळा. म्हणजे साधारण तिपटीहून जास्त!
मूल्यमापन: माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून न राहता मोजलंय, हे फार आवडलं. मात्र हॉस्पिटल एकच, आणि मशीनला रब घेतला एवढंच कळतं, योग्य क्षणी घेतला का ते कळत नाही. पाच मोमेंट्सपैकी कुठला चुकला हे पाहायला माणूसच लागतो, म्हणजे दोन्ही पद्धती अपुऱ्या आहेत.
उपयोग: माझ्या निबंधाचा कणा हाच. पिटेट यांचे ४८ आणि ६६ हे दोन्ही आकडे निरीक्षकांनी पाहून नोंदवलेले आहेत, म्हणून पहिल्यांदा मी ते वाचले तेवढ्या सरळपणे आता वाचत नाही. दोन्ही वेळा कोणीतरी पाहतच होतं, त्यामुळे फरक खरा असू शकतो, पण कोणी पाहत नसतानाची पातळी दोन्ही आकड्यांपेक्षा खाली असण्याची शक्यता मला धरावीच लागते.

५. गुल्ड आणि सहकारी, कॉक्रेन रिव्ह्यू, २०१७.
सारांश: २६ अभ्यास, त्यातल्या १४ रँडमाइज्ड ट्रायल्स. एकापेक्षा जास्त उपाय एकत्र केले, फीडबॅक दिला किंवा शिकवलं तर कम्प्लायन्स वाढू शकतो.
मूल्यमापन: शोध आणि निवड काटेकोर, पण बऱ्याच निष्कर्षांमागचा पुरावा कमी खात्रीचा आहे आणि लेखकांनी ते लपवलेलं नाही.
उपयोग: निष्कर्ष लिहिताना 'वाढतो' ऐवजी 'वाढू शकतो' लिहिणार, आणि रीतसर फीडबॅक देणाऱ्या वॉर्डमध्ये ऑडिट कोण करतं, कधी करतं आणि स्टाफला ते आधी माहीत असतं का, हे पुढच्या पोस्टिंगला विचारून घेणार.