बागकाम गट: सोमवारची पिन पोस्ट आणि प्रवेशाचे तीन प्रश्न

दर सोमवारी सकाळी 7 वाजता येणारी पिन पोस्ट

नमस्कार मंडळी. ही पोस्ट शेड्यूल केलेली आहे. ती दर सोमवारी आपोआप येते आणि आठवडाभर सगळ्यात वर राहते. जुन्या सदस्यांनाही एकदा नजर टाकण्याची विनंती आहे, कारण मधूनमधून एखादी ओळ बदलते. या आठवड्यात नियम 2 मध्ये भर घातली आहे.

1. झाड आजारी आहे? फोटो नीट द्या. "पानं पिवळी पडतायत, काय करू?" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. पाणी कमी पडलं तरी झाड मान टाकतं, आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरी ते तसंच दिसतं. दोन्हींवरचे उपाय मात्र अगदी उलटे आहेत. म्हणून तीन फोटो हवेत: पूर्ण झाड कुंडीसकट, पानाची वरची बाजू आणि पानाची खालची बाजू. खालच्या बाजूचा फोटो बहुतेक जण विसरतात, पण मावा आणि लाल कोळी तिथेच दडलेले असतात. सोबत एवढं लिहा: ऊन किती तास मिळतं, कुंडीला खाली भोक आहे का, आणि बोट दोन पेरं मातीत घातल्यावर ओल लागते की नाही.

2. "हे खाता येईल का?" याचं उत्तर इथे मिळणार नाही. रानातलं फळ असो, आपोआप उगवलेली भाजी असो की अळंबी, फोटोवरून ते खाण्याजोगं आहे असं कुणीही सांगू नये, कितीही खात्री वाटली तरी. काही जीवघेण्या अळंबी खाल्ल्यावर सहा-सहा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच त्रास जाणवत नाही. त्रास सुरू होईपर्यंत विष आत पोचलेलं असतं, आणि शिजवून ते जात नाही. नवी भर अशी: दुधी किंवा काकडी कडू लागली तर ती खाऊ नका, टाकून द्या. तो कडवटपणाही शिजवून जात नाही. कुणी आधीच काही खाल्लं असेल तर इथे पोस्ट टाकून उत्तराची वाट बघू नका. थेट डॉक्टरांकडे जा आणि उरलेला तुकडा सोबत न्या. या नियमाला अपवाद नाही. अशी कमेंट दिसताच आम्ही ती काढतो.

3. औषधाचं प्रमाण लेबलवर असेल तेच. "मी दुप्पट घालतो, मस्त रिझल्ट येतो" असले सल्ले नकोत. कडुनिंबाचं तेल वापरणाऱ्यांनीही आधी एकाच पानावर फवारून बघावं, आणि भर उन्हात फवारू नये.

4. विक्री फक्त शनिवारच्या धाग्यात. एरवी टाकलेली विक्रीची पोस्ट आपोआप अडते. बिया आणि कलमांची फुकट देवाणघेवाण कधीही करा, त्याचा आम्हाला आनंदच आहे.

5. कुणाच्याही बागेची टिंगल नको. पहिलं रोप मेलेला माणूस इथे विचारायला येतो, तेव्हा त्याला धीर मिळायला हवा.

नियम मोडला तर पहिल्यांदा पोस्ट काढून निरोप येतो, दुसऱ्यांदा सात दिवस लिहिणं बंद. नियम 2 मोडला तर ही बंदी पहिल्याच वेळी लागते. तुमची पोस्ट चुकून अडली असं वाटलं तर अॅडमिनला मेसेज करा. आपोआप अडलेल्या पोस्ट आम्ही रोज रात्री स्वतः तपासतो.

प्रवेशाच्या विनंतीसोबत येणारे प्रश्न

तुमची उत्तरं फक्त अॅडमिन आणि मॉडरेटरना दिसतात. बागकाम येत नसेल तरी हरकत नाही. शिकायला येणाऱ्यांसाठीच हा गट आहे.

पहिला प्रश्न: सध्या तुमच्याकडे कोणती झाडं आहेत, किंवा कोणतं झाड लावायचं मनात आहे? एक नाव पुरे. "अजून काहीच नाही" हेही चालेल.

दुसरा प्रश्न: तुम्ही रोपं, खतं किंवा बागेचं सामान विकता का? हो म्हणालात म्हणून प्रवेश नाकारला जात नाही. फक्त शनिवारच्या धाग्याचा नियम मान्य आहे, एवढं लिहा.

तिसरा प्रश्न: एका सदस्याने अळंबीचा फोटो टाकून "खाऊ का?" असं विचारलं आहे. तुम्ही काय लिहाल? (पिन पोस्टमधला नियम 2 असा आहे: फोटोवरून काहीही खाण्याजोगं आहे असं सांगायचं नाही.)

उत्तरं अपुरी असल्यास आपोआप जाणारा निरोप

नमस्कार. तुमच्या विनंतीत एक किंवा अधिक प्रश्नांची उत्तरं रिकामी राहिली आहेत, म्हणून ती सध्या मंजूर झालेली नाही. हा कायमचा नकार नाही. पुन्हा विनंती पाठवा आणि तिन्ही प्रश्नांना एकेक ओळ लिहा. पूर्ण उत्तरं आलेली प्रत्येक विनंती आमच्यापैकी कुणीतरी स्वतः वाचतं, त्यामुळे मंजुरीला एखादा दिवस लागू शकतो.