मोठ्या संख्यांचं वाचन: लाख-कोटी आणि मिलियन-बिलियन (इयत्ता सहावी, सराव पाठ)

मुलांनो, गेल्या पावसाळ्यात तुमच्याच वर्गातल्या एका मुलीनं वर्तमानपत्राचं कात्रण आणलं होतं. गंगापूर धरणाची बातमी होती आणि धरणाची साठवण क्षमता ५,६३० दलघफू अशी छापली होती. तिनं विचारलं, "बाई, अख्ख्या नाशिकला पाणी पुरवणारं धरण, आणि त्यात फक्त पाच हजार सहाशे तीस?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर "दलघफू" या चार अक्षरांत आहे, आणि ते उलगडायचं तर आधी मोठी संख्या दोन्ही पद्धतींनी वाचता आली पाहिजे. म्हणून हा पाठ. वही आणि पेन्सिल घेऊनच वाचायला बसा.

स्वल्पविराम कुठे आणि का?

२०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४८६०५३ होती. असा सलग आकडा वाचताना डोळे गोंधळतात. आता असा लिहून पाहा:

१४,८६,०५३

चौदा लाख शहाऐंशी हजार त्रेपन्न. वाचताना तुम्ही जिथे "लाख" म्हणालात तिथे एक स्वल्पविराम आहे, जिथे "हजार" म्हणालात तिथे दुसरा. म्हणजे स्वल्पविराम ही नाव उच्चारायची जागा आहे. हे एकदा मनात बसलं की पाठांतराची गरज उरत नाही.

आपल्याकडे हजारानंतर दर दोन घरांनी नाव बदलतं. शंभर हजार म्हणजे एक लाख, शंभर लाख म्हणजे एक कोटी. म्हणून उजवीकडून पहिला गट तीन अंकांचा आणि पुढचे गट दोन-दोन अंकांचे. मराठीला हे फार सोयीचं आहे. एक ते नव्याण्णव या प्रत्येक संख्येला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे, त्यामुळे दोन अंकी गट एका शब्दात वाचून होतो: शहाऐंशी, त्रेपन्न, सत्त्याण्णव.

आंतरराष्ट्रीय पद्धतीत दर तीन घरांनी नाव बदलतं. हजार हजार म्हणजे एक मिलियन, हजार मिलियन म्हणजे एक बिलियन. त्यामुळे सगळे गट तीन-तीन अंकांचे. तीच नाशिकची लोकसंख्या:

१,४८६,०५३

एक मिलियन चारशे शहाऐंशी हजार त्रेपन्न. "चारशे शहाऐंशी हजार" आपल्या कानाला खटकतं, कारण आपण तिथे चार लाख शहाऐंशी हजार म्हणालो असतो. खटकू दे, वाचन बरोबरच आहे.

दोन्ही ओळींतले अंक एकेक करून ताडून पाहा. अंक तेच, क्रम तोच, प्रत्येक अंकाची स्थानिक किंमतही तीच. शहरात एकही माणूस वाढला नाही की कमी झाला नाही. बदलले ते फक्त स्वल्पविराम आणि नावं.

रूपांतर करायची रीत

स्वल्पविराम पुसा. सलग अंक लिहा. उजवीकडून नव्यानं गट पाडा. बस, एवढंच. डावीकडून गट पाडायला गेलात तर हमखास चुकाल, कारण डावीकडचा शेवटचा गट अपुरा असू शकतो. १४,८६,०५३ मध्ये तो दोन अंकी आहे आणि १,४८६,०५३ मध्ये एक अंकी.

२०११ ची महाराष्ट्राची लोकसंख्या घेऊ: ११,२३,७४,३३३. अकरा कोटी तेवीस लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे तेहतीस. स्वल्पविराम पुसले: ११२३७४३३३. उजवीकडून तीन-तीन: ११२,३७४,३३३. एकशे बारा मिलियन तीनशे चौऱ्याहत्तर हजार तीनशे तेहतीस.

भारताची त्या वेळची लोकसंख्या १,२१,०८,५४,९७७. कोटीच्या पुढच्या अंकांसाठी आपल्याकडे अब्ज हे नाव आहे, पण बोलताना आपण सर्रास "एकशे एकवीस कोटी आठ लाख चोपन्न हजार नऊशे सत्त्याहत्तर" असंच म्हणतो, आणि ते चूक नाही. आंतरराष्ट्रीय पद्धतीत १,२१०,८५४,९७७: एक बिलियन दोनशे दहा मिलियन आठशे चोपन्न हजार नऊशे सत्त्याहत्तर.

शून्य गिळू नका

तपासलेल्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त चुका इथे सापडतात. "चार कोटी पाच लाख तीस" हे अंकांत लिहायला सांगितलं की काही जण ४,५,३० लिहून मोकळे होतात. बोलताना हजाराचं नावच घेतलं नाही म्हणून त्याचं घर नाहीसं होत नाही. घर रिकामं आहे, तिथे शून्यं बसवा. पहिला, म्हणजे सगळ्यात डावीकडचा गट सोडला तर लाख आणि हजार यांना प्रत्येकी दोन घरं, आणि शेवटी तीन:

कोटी ४ | लाख ०५ | हजार ०० | उरलेले ०३०

४,०५,००,०३०. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ४०,५००,०३०, म्हणजे चाळीस मिलियन पाचशे हजार तीस.

पूल

प्रत्येक वेळी सगळी शून्यं लिहीत बसायला नको. तीन नाती लक्षात ठेवा:

१ मिलियन = १० लाख
१ कोटी = १० मिलियन
१ बिलियन = १०० कोटी = १ अब्ज

मिलियनचे लाख करायचे तर दहानं गुणा. मिलियनचे कोटी करायचे तर दहानं भागा. बिलियनचे कोटी करायचे तर शंभरनं गुणा.

मोबाइलवर एखाद्या व्हिडिओखाली 2.4M असं दिसतं. M म्हणजे मिलियन. २.४ × १० = २४, म्हणून तो व्हिडिओ चोवीस लाख वेळा पाहिला गेला. अडीच लाखांच्या आसपास नव्हे! दशांश चिन्ह पाहून घाईनं "लाख" म्हणण्याची सवय मोडा. तसंच B म्हणजे बिलियन आणि K म्हणजे हजार.

आपल्या बोलण्यातले सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हेही याच पुलावरून जातात. दीड कोटी = १.५ कोटी = १५ मिलियन. सव्वा कोटी = १.२५ कोटी = १२.५ मिलियन. लाख मात्र मिलियनपेक्षा लहान, म्हणून सव्वा लाखाला आंतरराष्ट्रीय पद्धतीत एकशे पंचवीस हजार म्हणतात: १२५,०००.

आता धरणाकडे

दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट. दशलक्ष म्हणजे दहा लाख, म्हणजेच मिलियन. मराठीत या संख्येला आधीपासून नाव आहे, हे सांगताना मला दर वर्षी आनंद होतो. तेव्हा ५,६३० दलघफू म्हणजे पाच हजार सहाशे तीस वेळा दहा लाख घनफूट:

५,६३० × १०,००,००० = ५,६३,००,००,०००

पाचशे त्रेसष्ट कोटी घनफूट. आंतरराष्ट्रीय गटांत ५,६३०,०००,०००, म्हणजे पाच बिलियन सहाशे तीस मिलियन. बातम्यांत दुसरा शब्द येतो टीएमसी, म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. १ टीएमसी = १ बिलियन = १०० कोटी घनफूट. म्हणून तीच क्षमता ५.६३ टीएमसी अशीही छापतात. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं; आता त्या "फक्त पाच हजार"चा अंदाज घ्या.

स्वाध्याय

१. दोन्ही पद्धतींनी स्वल्पविराम देऊन लिहा आणि मोठ्यानं वाचा.
(अ) चंद्राचं पृथ्वीपासूनचं सरासरी अंतर, किलोमीटरमध्ये: ३८४४००
(आ) सूर्याचं पृथ्वीपासूनचं सरासरी अंतर, किलोमीटरमध्ये: १४९५९७८७०
(इ) निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदात जितके मीटर जातो ती संख्या: २९९७९२४५८
(ई) नाशिक जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या: ६१०७१८७

२. अंकांत लिहा, मग दुसऱ्या पद्धतीत बदला.
(अ) तीन कोटी सात लाख चाळीस
(आ) बारा मिलियन सहा हजार पाच
(इ) दोन बिलियन पन्नास मिलियन

३. तोंडी सांगा.
(अ) ७ मिलियन = किती लाख?
(आ) ४५ मिलियन = किती कोटी?
(इ) ०.६ मिलियन = किती लाख?
(ई) ३.२ बिलियन = किती कोटी?
(उ) पावणेदोन कोटी = किती मिलियन?
(ऊ) अडीच लाख = किती हजार?

४. चूक शोधा, ती का झाली ते एका वाक्यात लिहा.
(अ) ६०,५०,००४ = साठ लाख पाच हजार चार
(आ) ८.५ मिलियन = साडेआठ लाख
(इ) २३४५६७८ = २३४,५६७,८

५. लहान, मोठी की समान?
(अ) ९,८७,६५४ आणि १,०००,०००
(आ) ३,५०,००,००० आणि ३५,०००,०००
(इ) १२ मिलियन आणि सव्वा कोटी

६. नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापल्या जातात, हे तुम्हाला माहीत आहे. शंभर नोटांची एक गड्डी धरा. पाचशे रुपयांच्या नोटांच्या किती गड्ड्या म्हणजे एक मिलियन रुपये? एक कोटीसाठी किती? एक बिलियनसाठी किती?

७. समजा, गंगापूर धरण बरोबर निम्मं भरलं आहे. साठा दलघफू, टीएमसी आणि कोटी घनफूट या तिन्हींत लिहा.

उत्तरं (स्वतः सोडवल्यावरच पाहा)

१. (अ) ३,८४,४००, ३८४,४००. (आ) १४,९५,९७,८७०: चौदा कोटी पंच्याण्णव लाख सत्त्याण्णव हजार आठशे सत्तर, १४९,५९७,८७०: एकशे एकोणपन्नास मिलियन पाचशे सत्त्याण्णव हजार आठशे सत्तर. (इ) २९,९७,९२,४५८, २९९,७९२,४५८. (ई) ६१,०७,१८७: एकसष्ट लाख सात हजार एकशे सत्त्याऐंशी, ६,१०७,१८७: सहा मिलियन एकशे सात हजार एकशे सत्त्याऐंशी.

२. (अ) ३,०७,००,०४०, ३०,७००,०४०. (आ) १२,००६,००५, १,२०,०६,००५. (इ) २,०५०,०००,०००, २,०५,००,००,०००, म्हणजे दोनशे पाच कोटी.

३. ७० लाख, साडेचार कोटी, ६ लाख, ३२० कोटी, १७.५ मिलियन, २५० हजार.

४. (अ) पन्नास हजार चार हवं. हजाराच्या गटात ५० आहे, ०५ नाही. (आ) ८५ लाख. दहानं गुणायचं राहिलं. (इ) २,३४५,६७८; गट डावीकडून पाडले.

५. (अ) पहिली लहान. (आ) समान. (इ) १२ मिलियन लहान, कारण सव्वा कोटी म्हणजे १२.५ मिलियन.

६. एक गड्डी ५०,००० रुपयांची. म्हणून २०, २०० आणि २०,००० गड्ड्या.

७. २,८१५ दलघफू, २.८१५ टीएमसी, २८१.५ कोटी, म्हणजे दोनशे एक्याऐंशी कोटी पन्नास लाख घनफूट.